पोरीचा नंबर

मौलालीचाचांना 'नाही' म्हणता येत नाही, ही गोष्ट कोल्हापूरच्या गंगावेशीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे तिचा फायदा घेतात. मीसुद्धा घेते. माझ्या दुकानाच्या शटरचा खिळा निघाला की मी चाचांनाच हाक मारते, आणि हातातली पेटी बाजूला ठेवून ते हातोडी घेऊन येतात.

चाचा पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे बाहेरच्यांसाठी सांगते. भाता फाटला, पट्टी अडकली, की कुठलाही सुतार ते काम करील. पण पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा बसवलेल्या असतात, त्यांनाच सूर म्हणतात; त्यांना पुन्हा स्वरात आणायचं काम आमच्या भागात चाचांइतकं कुणी करत नाही. ते सूर हलक्या हातानं घासतात, वाजवून बघतात, परत घासतात. दोन सूर एकत्र वाजवले आणि त्यांच्यात थोडं अंतर असलं, की हवेत एक लहर ऐकू येते म्हणे. ती लहर विरून जाईपर्यंत घासायचं. मला कधी ती लहर ऐकू आली नाही. माझं दुकान मोबाईलचं. दिवसभर कानात रिचार्जची बोंबाबोंब असते, लहर कुठून ऐकू येणार?

दोन हजार नऊ सालची गोष्ट आहे. चाचांनी माझ्याकडूनच दोन सिमांचा बटणांचा फोन घेतला होता. एक सिम धंद्याचं. त्याचा नंबर दुकानाच्या पाटीवर पिवळ्या रंगात लिहिलेला. दुसरं घरचं, म्हणजे लेकीसाठी, नजीरासाठी. नजीरा त्यांची एकुलती एक. चंदगडच्या बाजूला दिली होती. नवरा तौसीफ काजूच्या कारखान्यात कामाला. नजीराला दिवस गेलेले होते, आणि आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं होतं. त्यामुळं चाचांचा अर्धा जीव कायम चंदगडात असायचा.

बापलेकीचं बोलणं मात्र अगदी थोडं. फोन उचलला की पैसे पडतात, म्हणून दोघांनी मिस कॉलची भाषा ठरवून घेतली होती. नजीरानं दोन रिंगा देऊन ठेवून द्यायचं: मी बरी आहे. चाचांनी उलट एक रिंग द्यायची: कळलं, मी पण बरा आहे. रोज दुपारी एवढं झालं की चाचा जेवायला उठायचे. कोल्हापुरात तेव्हा निम्मा संसार मिस कॉलवर चालायचा, त्यात या दोघांचं काही नवल नव्हतं.

अडचण झाली ती चाचांच्या त्या न येणाऱ्या शब्दामुळं. एखाद्या भजनी मंडळाच्या माणसाला पाटीवरचा नंबर लागला नाही, की तो म्हणायचा, "चाचा, दुसरा नंबर द्या की." आणि चाचा द्यायचे. असं करत करत लेकीसाठी घेतलेला नंबर करवीर तालुक्यातल्या समस्त भजनी मंडळांत पोचला. गणपती आले की दोन्ही सिमं एकदम कोकलायची. त्यात कंपनीचे संदेश. कुठल्या गाण्याची कॉलर ट्यून हवी, आजचं राशिभविष्य हवं का, जिंका मोटरसायकल. प्रत्येक संदेशाला फोन टुणकन वाजायचा आणि चाचा सूर घासता घासता दचकायचे. एकदा दचकले आणि सूर जास्त घासला गेला. जास्त घासलेला सूर परत आणता येतो, पण त्याची ताकद जाते. त्या दिवशी चाचांनी फोन बंद करून फडक्यात गुंडाळला.

आणि नेमका त्या दुपारी नजीराचा मिस कॉल लागलाच नाही. तिला नुसतं 'बंद आहे' ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. सांजेला चाचांनी फोन चालू केला आणि तौसीफचा फोन आला, तेव्हा चाचांचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या काऊंटरपुढं येऊन उभे राहिले.

"संघप्रिया बाळ, हे फोन मला न्हाय झेपत. चालू ठिवला तर काम हुईना, बंद ठिवला तर पोरगी रडती."

"मग सगळ्यांस्नी नंबर वाटायला कुणी सांगितलं हुतं?" मी म्हटलं. माझं तोंड असं फटकळच आहे. "द्या हिकडं. आनि बसा. हूं का चूं करायचं न्हाय."

मी फोन उघडला. लोक समजतात फोन एक तर वाजतो नाही तर वाजत नाही. तसं नसतं. कशाचा आवाज, कुठल्या सिमचा आवाज, कुणाचा आवाज, हे वेगवेगळं लावता येतं. कुणी ते बघत नाही एवढंच.

आधी संदेशांचा आवाज काढून टाकला. फोन आला की वाजेल, संदेश आला तर गुपचूप येऊन बसेल. चाचा म्हणाले, "मला संदेश धाडतंय कोन? आनि धाडला तर वाचतंय कोन?" म्हणजे ते बरोबर झालं.

मग सिमं. या फोनमध्ये दोन्ही सिमांना वेगवेगळी रिंगटोन लावता यायची. पण फोन पूर्ण गप्प करायचा नव्हता. सगळाच आवाज बंद केला असता तर नजीराचाही गेला असता. म्हणून मी एक युक्ती केली. दुपारी रस्ता जरा निवला तेव्हा पंखा बंद केला, चाचांना श्वाससुद्धा हळू घ्यायला लावला, आणि फोनमध्येच थोडी शांतता रेकॉर्ड केली. ती शांतताच दोन्ही सिमांना रिंगटोन म्हणून लावली. फोन आला की फोनच्या हिशेबानं तो वाजणार, पण ऐकू काही येणार नाही.

"आता मानसं," मी म्हटलं. "नजीराचा फोन कुठल्या नंबरवरनं येतो?"

"तौसीफच्या. दुसरा फोनच न्हाय त्यांच्या घरात."

तौसीफचं नाव सिममध्ये साठवलेलं होतं. सिममधल्या नावाला गटात घालता येत नाही, आधी ते फोनच्या पोटात आणावं लागतं. ते आणलं, 'घरचे' या गटात टाकलं, आणि गटाला आवाज निवडायला यादी उघडली. सनई, बासरी, पियानो. चाचा ऐकत गेले आणि मान हलवत गेले.

"असलं नगं. कुठला बी सूर लावलास तर माझ्या कानात घुसनार. मी पेटीतला घासतोय का फोनमधला, मलाच कळायचं न्हाय. ज्यात सूर न्हाय असं कायतरी लाव."

शेवटी कोंबडा लावला. सगळ्या गटात एकच माणूस, आणि त्याला कोंबडा. मी माझा नंबर घटकाभर त्या गटात घालून रिंग दिली तर फोन असा आरवला की शेजारच्या चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. मग माझा नंबर काढून टाकला. चाचा पहिल्यांदा हसले. जाताना म्हणाले, "बाकीच्यांस्नी मी सांजच्याला फोन लावीन. उगंच कुणी नाराज व्हायला नगं." बघा, शांतता मिळाली तरी काळजी लोकांची.

त्यानंतर चाचांचं दुकान बघण्यासारखं झालं. मान खाली, कान पेटीला, आणि रस्त्यावर कितीही रिक्षा ओरडल्या तरी माणूस आपल्या लहरीत. दुपारी कोंबडा दोनदा आरवून गप व्हायचा. चाचा हात पुसून फोन उचलायचे, उलट एक रिंग द्यायचे आणि डबा उघडायचे. मला समोरून हे दिसायचं. खरं सांगते, मला फार बरं वाटायचं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी उगाचच म्हणायचे, "थांबा, कोंबडा आरवू दे, मग देते रिचार्ज."

आणि मग एके दिवशी कोंबडा आरवला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. पोर घरकामात अडकली असेल, रेंज नसेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. चंदगडात पाऊस लागला की रेंज जाते हे खरंच होतं. जावयाला फोन लावा म्हटलं तर चाचांना अवघड वाटायचं. सासऱ्यानं सारखं विचारत बसलं तर जावयाला वाटणार, लेक नीट सांभाळत नाही असं म्हणतायत. तिसऱ्या दिवशी त्यांचा डबा दुपारी उघडलाच नाही. नवरात्राच्या तोंडावर पेट्यांची रांग लागलेली, आणि चाचा नुसते फोनकडं बघत बसलेले.  शेवटी लाज बाजूला ठेवून त्यांनी तौसीफचा नंबर लावला. लागला नाही, कंपनीची बाईच काहीतरी कोकणीत बोलली.

ते तडक माझ्याकडं आले. "बाळ, कोंबडा बिघडला."

"कोंबडा कशानं बिघडतोय?" म्हणत मी परत माझा नंबर गटात घालून रिंग दिली. कोंबडा ठणठणीत होता. तौसीफचं नावही जागच्या जागी होतं. मग मी न उचललेल्या फोनांची यादी उघडली. ती चाचा कधी नीट बघायचे नाहीत. संध्याकाळी ओळखीच्या नावांना फोन लावायचे, नाव नसलेला नंबर दिसला की म्हणायचे, गरज असली तर परत करील. मी खाली खाली जात राहिले. मंडळ, मंडळ, मंडळ. आणि मध्येच एक नाव नसलेला नंबर, घरातल्या फोनसारखा. परत मंडळं. परत तोच नंबर. रोज, दुपारी.

"चाचा, हा कोड कुठला?"

चाचांनी चष्मा लावला आणि तो काढायलाच विसरले. "चंदगड."

मी लावला. पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला. चंदगडच्या एसटी स्टँडजवळ आक्का म्हणून कुणी पानपट्टी चालवत होत्या आणि त्यांच्याकडं रुपया टाकून बोलायचा लाल डबा होता. मी नजीराचं नाव काढताच त्यांनी मला बोलू दिलंच नाही.

"ती दोन जीवांची पोरगी व्हय? रोज दुपारी येती की. तिचा नवरा गोव्याला कामाला गेलाय न्हवं, फोन घिऊन. ती डब्यात रुपाया टाकती, दोन रिंगा वाजू देती आनि ठिवती. पलीकडं उचललं न्हाय की रुपाया माघारी पडतोय. मग तितंच उभी ऱ्हाती, डब्याकडं बघत. मी म्हनते, पोरी, बस जरा. तर म्हनती, आत्ता वाजंल."

मी फोनचा आवाज मोठा केला होता. चाचांना सगळं ऐकू गेलं. ते स्टुलावर बसले.

"डबा काय वाजला न्हाय," आक्का म्हणाल्या. "आनि आज म्हनाली, माझ्या अब्बाला कायतरी झालंय, मला कुनी सांगंना झालंय. दुपारच्या कोल्हापूर गाडीत बसली. एकलीच. मी किती सांगितलं, ऐकली न्हाय."

आम्ही दोघांनी फोनला सांगितलं होतं की नजीरा म्हणजे तौसीफचा नंबर. फोननं तेच धरून ठेवलं. बिचारा चुकला नव्हता. पण माणूस काय एका नंबरात मावतो? नजीरा लाल डब्यातून बोलली की फोनच्या लेखी ती परकी झाली आणि मी रेकॉर्ड केलेली शांतता तिच्या वाट्याला आली.

चाचा माझ्याआधीच रस्त्यावर होते. पायात चप्पल नव्हती. मी दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा केली. वाटेत ते एकच वाक्य म्हणत होते, "घाटाचा रस्ता हाय गं. धक्के बसत्यात."

स्टँडवर चंदगडची गाडी यायची होती. चाचा फलाटाच्या कडेला जाऊन उभे राहिले ते हललेच नाहीत. पावसानं धोतराच्या काठाला चिखल लागला होता. प्रत्येक लाल गाडी आली की पाटी वाचायला पुढं, परत मागं. मी चहा आणला तो तसाच हातात निवला. 

गाडी आली. नजीरा सगळ्यांच्या शेवटी उतरली, एका हातानं दांडा धरून, दुसरा हात पोटाखाली. ती समोर बघत नव्हती, पायरी बघत होती. मग तिनं वर पाहिलं. बाप उभा होता. धडधाकट.

ती जवळ आली आणि दोन्ही हातांनी त्यांचे खांदे, दंड, तोंड चाचपून बघितलं. मग एकदम ओरडली. सगळा फलाट वळून बघायला लागला.

"जित्ते हाईसा की! मग एक रिंग द्यायला काय झालतं तुमास्नी?"

"माझ्या फोनवर तुझं नाव न्हाय उमटलं, बेटी. मी वाटच बघत हुतो."

"अम्मा गेली तवा बी असंच केलं सगळ्यांनी. मी फोन करत हुते, कुनी उचलत न्हवतं. नंतर म्हनले, तुला तरास नगं म्हनून सांगितलं न्हाय. मी मातीला बी पोचले न्हाय, अब्बा. रोज त्या डब्याफुडं उभी ऱ्हायले की मला तेच आठवत हुतं."

चाचांनी तिला धरलं. ते रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. मीही रडले. नुसत्या एका रिंगेसाठी ती पोर घाट उतरून आली होती, आणि त्या एका रिंगेत तिच्यासाठी सगळा बाप होता. हे मला तोवर कळलं नव्हतं.

नजीराला काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पाय वर करून पड म्हणाल्या आणि आता बाळंत होईपर्यंत प्रवास नको म्हणाल्या. बाळंतपणाला यायचीच होती, ती थोडी आधी आली. गोव्याहून तौसीफ धावत आला. त्याचा फोन त्या दिवशी रेंजबाहेर होता. सासऱ्याला न सांगता फोन घेऊन गेलो म्हणून बिचारा मान वर करत नव्हता. चाचांनी त्यालाच उलट पोटभर जेवू घातलं.

फोनचं काम मात्र मी परत हातात घेतलं. या खेपेला माणसाच्या नंबराकडं न बघता सिमकडं बघितलं. नजीरा उद्या आणखी कुणाच्या फोनवरून बोलेल. दवाखान्यातून, शेजारणीकडून, आणखी कुठल्या डब्यातून. तिचे सगळे नंबर आपण कुठून आणणार? त्यापेक्षा चाचांचा एक नंबर असा हवा की जो फक्त तिला माहीत आहे. मग त्यावर कुठूनही फोन आला तरी तो तिचाच.

जुनं घरचं सिम काढलं, नवीन घातलं. पाटीवरच्या सिमची शांतता तशीच ठेवली, संदेश मुके ठेवले. नव्या सिमला सरसकट मोठ्ठा आवाज लावला, कुणीही करो, कुठूनही करो. कोंबडा चाचांना नको होता, त्याचं तोंड त्यांना बघवत नव्हतं. सायकलची घंटा लावली.

"आता ऐका," मी म्हटलं. "ह्या सिमवरनं दुसऱ्या कुनाला फोन लावायचा न्हाय. लावला की त्याच्याकडं नंबर उमटतोय. मंडळांस्नी पाटीच्या सिमवरनंच लावायचा. आनि कुनी मागितला तर..."

"तर?"

"तर न्हाय म्हनायचं."

चाचांनी फोन हळूच खिशात ठेवला. शटरचा खिळा ठोकणं सोपं होतं.

नजीराला मुलगी झाली. सदफ नाव ठेवलं. बाळ मोठं दिसायला लागल्यावर मायलेकी चंदगडला गेल्या आणि चाचांच्या दुकानात परत दुपारच्या डब्याची वेळ सुरू झाली. जोतीराम पाटील म्हणून बालिंग्याच्या मंडळाचे पेटीवाले आहेत. माणूस चांगला, पण घाईचा. सप्ताह तोंडावर आलेला, आणि यांची पेटी चाचांच्या मांडीवर उघडी पडलेली, सगळे सूर बाहेर काढून फडक्यावर मांडलेले. मी चहा घेऊन गेले होते.

"चाचा, तुमचा फोन लागतोय, पर तुमी उचलत न्हाईसा," जोतीराम म्हणाले. "त्यो दुसरा नंबर हाय न्हवं? तेवढा द्या की."

चाचांनी घासणी खाली ठेवली. तोंड उघडलं, मिटलं.  मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं, कारण माझ्याकडं बघून ते बोलले असते तर ते माझं झालं असतं.

"न्हाय," ते म्हणाले. मग जरा हळू, "त्यो माझ्या पोरीचा हाय."

जोतीरामांना गंमत वाटली. "अहो, मी काय परका हाय व्हय?"

"न्हाईसा की. पर न्हाय."

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. नंबर अनोळखी होता, मला दिसला. दोन रिंगा झाल्या. मी वाट बघितली, आता थांबेल. तिसरी झाली. चौथी झाली. चाचांनी हात पुसले आणि बटण दाबलं.

"काय झालं, बेटी?"

"काय न्हाय, अब्बा. सदफ झोपलीया. शेजारनीकडं आलते, फोन दिसला. सहज केला."

जोतीराम घड्याळ बघत होते. त्यांच्या पेटीचा एकही सूर जागेवर नव्हता. चाचांनी पेटी मांडीवरून खाली सरकवली, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

"बोल मग," ते म्हणाले. "मला काय बी काम न्हाय."